चिनी आकड्यांमधला ‘याओ’

शांघायमधल्या एखाद्या उंच हॉटेलात तुम्ही उतरला आहात आणि खोलीतला नळ गळतो आहे. स्वागतकक्षाला फोन करून खोली क्रमांक सांगायचा आहे : १७११. भाषेच्या पहिल्याच धड्यात शिकलेलं असतं की चिनीत एकाला ‘ई’ म्हणतात आणि साताला ‘छी’. त्या हिशेबाने तुम्ही म्हणता, “ई छी ई ई”. पलीकडून क्षणभर काहीच येत नाही आणि मग प्रश्न येतो, “याओ छी याओ याओ?” पुस्तकात ‘याओ’ नावाचा आकडा नव्हता. तरी पलीकडच्या माणसाने तुमचाच खोली क्रमांक पुन्हा म्हटलेला असतो, फक्त तीन ‘ई’च्या जागी तीन ‘याओ’ घालून.

असं का करतात हे समजायला आधी ‘ई’ आणि ‘छी’ कानाला कसे लागतात ते पाहू. चिनी भाषेत, म्हणजे इथे मँडरिन या प्रमाण चिनीत, प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो. असे सूर चार : एक वरच्या पट्टीत सरळ राहणारा, एक चढणारा, एक खाली जाऊन वर येणारा आणि एक झटक्यात उतरणारा. दोन शब्द व्यंजनाने किंवा स्वराने जवळजवळ सारखे असले, तरी सुरावरून ते वेगळे काढता येतात. ‘ई’ आणि ‘छी’ यांच्याबाबत नेमकी हीच मदत मिळत नाही. दोन्ही शब्द पहिल्या, सरळ सुरातले. दोघांत स्वरही एकच, दीर्घ ‘ई’. उरतो तो फक्त ‘छी’च्या सुरुवातीचा ‘छ’, जीभ टाळूला लावून हवा सोडताना होणारा घासल्यासारखा आवाज.

समोरासमोर बोलताना हा ‘छ’ स्पष्ट ऐकू येतो. फोनवर तो विरतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जात असे. माणसाचा स्वर ओळखू यायला तेवढं पुरतं, पण ‘छ’, ‘स’, ‘श’ यांच्या घर्षणाचा बराचसा भाग या मर्यादेच्या वर असतो आणि तो कापला जातो. ‘छी’मधला ‘छ’ गेला की मागे राहते सरळ सुरातली ‘ई’, म्हणजे नेमका एक. हेच बाजारातल्या गोंगाटात होतं, रेल्वे स्थानकाच्या भोंग्यावर होतं, कारखान्यात यंत्रं चालू असताना होतं आणि वायरलेसवरच्या खरखरीत तर होतंच.

आता १७११ पुन्हा पाहा. “ई छी ई ई” हे अर्धवट ऐकलेल्या माणसापुढे चार पर्याय उभे राहतात : १७११, ११७१, १११७ आणि नुसतं ११११. पहिली खोली सतराव्या मजल्यावर, बाकीच्या तिन्ही अकराव्या मजल्यावर. हेच “याओ छी याओ याओ” म्हटलं, तर सात कुठे आहे याबद्दल शंकाच उरत नाही. सातच्या उच्चाराला हात लावावा लागला नाही. त्याच्यासारखा ऐकू येणारा एकच बाजूला झाला आणि सात मोकळा झाला.

पण मग ‘याओ’च का? हा शब्द टेलिफोनसाठी कोणी बसून तयार केला नाही. तो भाषेत फार जुना आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘लहान’. इसवी सन १०० च्या सुमाराला रचलेल्या ‘श्वो वन’ या प्राचीन चिनी कोशात या अक्षराचा अर्थ ‘लहान’ असाच दिला आहे आणि त्याची आकृती नुकत्याच जन्मलेल्या बाळाची आहे, असं तिथे म्हटलं आहे. सछ्वान आणि छोंगछिंगकडच्या घरांमध्ये हा अर्थ आजही जिवंत आहे. तिथे शेंडेफळाला लाडाने ‘याओ-अर्’ म्हणतात आणि धाकट्या बहिणीला किंवा तरुण मुलीला ‘याओ-मेइ’. भावंडांच्या रांगेत सगळ्यात शेवटचा, सगळ्यात छोटा, तो ‘याओ’.

सगळ्यात छोटा म्हणून एक, हा प्रवास झाला फाशांच्या खेळातून. फाशावरचा एक ठिपका म्हणजे सगळ्यात लहान दान आणि त्याला ‘याओ’ म्हणत. फासे टाकताना लोक मोठमोठ्याने हवं ते दान पुकारत. त्यावरून चिनीत एक वाक्प्रचार पडला आहे, ‘हू याओ हं ल्यो’, म्हणजे एक-एक आणि सहा-सहा म्हणून आरडाओरडा करणं. जुगाराच्या अड्ड्यावरच्या गोंगाटासाठी तो वापरला जातो आणि पुढे नुसत्या हाताखालच्या माणसांवर डाफरण्यासाठीही वापरला जाऊ लागला. आज चीनमध्ये घरोघर खेळल्या जाणाऱ्या माजोंगमध्ये बांबूच्या सोंगट्यांतल्या एक्कीवर पक्षी काढलेला असतो. त्या सोंगटीचं बोलीतलं नाव ‘याओ-ची’, एक्क्याची कोंबडी. तेव्हा फोन आला, तेव्हा भाषेत एकासाठी एक दुसरा शब्द आधीपासून रुळलेला होता, सगळ्यांना माहीत होता आणि गोंगाटात ओरडून सांगण्याची त्याला सवयही होती. ‘आओ’ हा त्याचा लांबलचक जोडस्वर दुसऱ्या कुठल्याही आकड्यात नाही. इतकं सोयीचं साधन आयतं हाताशी होतं.

पुढे जाण्याआधी सगळे अंक एकदा ओळीने म्हणून घेऊ, कारण पुढची उदाहरणं त्यांच्यावर आहेत. शून्य लिङ, एक ई, दोन अर्, तीन सान, चार स्स, पाच वू, सहा ल्यो, सात छी, आठ पा, नऊ च्यो. चारचा ‘स्स’ म्हणताना तोंड ‘स’च्याच ठेवणीत राहतं आणि स्वर जेमतेम उमटतो. दहा म्हणजे ‘शर’, ‘श’ आणि ‘र’ यांच्या मधला एक आवाज. अकरा ‘शर-ई’, वीस ‘अर्-शर’, एकोणपन्नास ‘स्स-शर-च्यो’, म्हणजे चार-दहा-नऊ. मराठीत शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. चिनीत हे दहा अंक आणि दहा, शंभर, हजार यांचे शब्द आले की वस्तू मोजण्याचं काम भागतं.

वस्तू मोजणं हे आकड्याचं एक काम. दुसरं काम आहे नाव देण्याचं. ११० रुपये म्हणताना आपण रुपये मोजत असतो. खोली क्रमांक ११० म्हणताना काहीच मोजत नसतो. तो त्या दाराचा फक्त पत्ता असतो. मराठीत ही दोन कामं आपण पुष्कळदा एकाच पद्धतीने उरकतो आणि दोन्ही ठिकाणी ‘एकशे दहा’ म्हणतो. चिनी भाषा त्यांच्यात काटेकोर फरक करते. ११० युआन असतील तर ‘ई-पाय ई-शर’, एक शंभर एक दहा. खोली असेल तर ‘याओ याओ लिङ’. पोलिसांना बोलवायचा क्रमांकही चीनमध्ये ११० हाच आहे आणि तोही ‘याओ याओ लिङ’ असाच वाचतात. ऐकणाऱ्याला पहिल्या दोन अक्षरांतच कळतं की हे पैसे नाहीत, क्रमांक आहे. म्हणजे ‘याओ’ सातला तर वाचवतोच, वर ‘आता येतंय ते मोजमाप नव्हे’ असा इशाराही देतो.

शून्याचा फरक तर याहून स्पष्ट आहे. १००८ माणसं मोजताना चिनी माणूस ‘ई-छ्येन लिङ पा’ म्हणतो : एक हजार, शून्य, आठ. मध्ये शून्यं कितीही असोत, मोजताना एकदाच ‘लिङ’ म्हणून त्यांच्यावरून उडी मारतात. खोली १००८ असेल तर मात्र ‘याओ लिङ लिङ पा’, प्रत्येक शून्याला त्याचा हक्काचा उच्चार. एक शून्य गाळलं की खोली १०८ होते आणि पाहुणा नऊ मजले खाली जाऊन भलत्याच दाराची घंटी वाजवतो.

घराच्या पत्त्यात हे दोन्ही प्रकार एकाच श्वासात येतात आणि परदेशी माणूस इथेच अडखळतो. चिनी शहरांतल्या वसाहतींचा पत्ता सहसा इमारत, मग जिना, मग घर असा असतो. समजा पत्ता आहे : इमारत १, जिना १, घर ११०१. चिनी माणूस तो असा सांगेल : ‘ई हाओ लोउ, ई तान-य्वान, याओ याओ लिङ याओ’. पहिल्या दोन ठिकाणी ‘ई’, शेवटी तीनदा ‘याओ’. हे मनमानी वाटेल, पण त्याला कारण आहे. ‘हाओ लोउ’ म्हणजे क्रमांकाची इमारत आणि ‘तान-य्वान’ म्हणजे त्या इमारतीतला जिन्याचा भाग. या दोन्ही शब्दांना अंक जोडलेला आहे आणि जोडलेल्या अंकात ‘याओ’ चालत नाही. चीनमध्ये प्रमाण मानला जाणारा आधुनिक चिनी भाषेचा कोश हा नियम नेमका सांगतो : या अर्थाचा ‘याओ’ सुटा वापरायचा, त्याच्यापासून मोठी संख्या बनत नाही आणि त्याच्यापुढे मोजणीचा शब्द येत नाही. म्हणून ‘शर-याओ’ असा अकरा नसतो, एक माणूस ‘याओ’ने मोजत नाहीत, पहिला मजला ‘याओ लोउ’ होत नाही आणि मेट्रोची पहिली मार्गिका ‘ई हाओ श्येन’च राहते. ‘याओ’ शोभतो तो अंकांच्या माळेत, जिथे प्रत्येक अंक सुटा आहे.

माळ सुरू कुठे होते? बोलण्यातला साधा ठोकताळा असा की दोन आकडी क्रमांक संख्येसारखा वाचतात आणि तीन आकड्यांपासून पुढे अंक सुटे होतात. घर क्रमांक १२ हे ‘शर-अर्’, घर क्रमांक ३०१ हे ‘सान लिङ याओ’. पेइचिंगमधलं सैन्याचं मोठं रुग्णालय देशभर याच आकड्याने ओळखलं जातं आणि टॅक्सीवाल्याला ‘सान लिङ याओ’ एवढं सांगितलं तरी पुरतं. बसचंही तसंच. ११ क्रमांकाची बस ‘शर-ई लू’, ३३१ क्रमांकाची ‘सान सान याओ लू’. जाता जाता एक गंमत सांगायला हवी. चिनी लोक पायी चालण्याला थट्टेने ‘११ नंबरची बस’ म्हणतात, कारण अकराचे दोन उभे दांडे म्हणजे दोन पाय. आपल्याकडेही पायी जाणारा माणूस अकरा नंबरच्या बसनेच जातो!

खोली क्रमांकाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती उच्चाराची नसून मजल्यांची आहे. चीनमध्ये तळमजला हाच पहिला मजला. ‘सान लिङ याओ’ ऐकून मराठी माणूस तिसऱ्या मजल्याचे जिने चढू लागला, तर तो त्यांच्या हिशेबाने चौथ्या मजल्यावर पोहोचेल. शिवाय चारच्या आकड्याचा उच्चार ‘मरण’ या शब्दाच्या जवळ जातो म्हणून काही इमारतींमध्ये चौथा किंवा चौदावा मजला क्रमांकातून गाळलेला असतो. क्रमांक नीट ऐकला, तरी मजले मोजत बसू नये. दारावरची पाटी पाहावी हे बरं.

आता फोन. चीनमधले मोबाइल क्रमांक अकरा आकडी असतात आणि प्रत्येक क्रमांकाची सुरुवात एकानेच होते. त्यामुळे फोन नंबर सांगताना चिनी माणसाच्या तोंडून निघणारा पहिला अंक नेहमीच ‘याओ’. एका सर्वपरिचित क्रमांकावर हे करून पाहू. १३८००१३८००० हा चायना मोबाइल या कंपनीचा, फोनमध्ये पैसे भरण्यासाठीचा सेवा क्रमांक. अकरा अंक एका दमात कोणी म्हणत नाही. नेहमीची पद्धत तीन-चार-चार अशी : ‘याओ सान पा’, थोडं थांबून ‘लिङ लिङ याओ सान’, थोडं थांबून ‘पा लिङ लिङ लिङ’. पहिले तीन अंक बहुतेकदा कोणत्या कंपनीचा क्रमांक आहे ते सांगतात, म्हणून ते एका गटात राहतात. घरच्या तारेच्या फोनला पेइचिंगसाठी ०१०, ‘लिङ याओ लिङ’, आणि शांघायसाठी ०२१, ‘लिङ अर् याओ’, असे शहराचे अंक आधी येतात. मग आठ अंक चार-चारच्या दोन गटांत.

आपल्याकडे ‘डबल नाइन’, ‘ट्रिपल झिरो’ म्हणायची सवय फार पक्की आहे. चिनीत नंबर सांगताना तसं सहसा करत नाहीत. ‘लिङ लिङ लिङ’ तीनदा म्हणतात, एकसारख्या वजनाने, आणि ऐकणारा बोटांनी टिपत जातो. नंबर भाग्यवान असेल, शेवटी चार आठ असतील, तर मात्र ‘स्स क पा’, चार आठ, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. मराठी माणसाने चिनीत नंबर सांगताना जोड्या लावण्याचा मोह टाळावा, कारण ‘दोन नऊ’ असं भाषांतर करून सांगितलं तर पलीकडचा माणूस सरळ २९ लिहून घेईल.

परदेशी शिकाऊंची आणखी एक अडचण ऐकण्यात असते. ‘हवं’ या अर्थाचा नेहमीचा चिनी शब्दही ‘याओ’च आहे, फक्त तो चौथ्या, झटक्यात उतरणाऱ्या सुरात. आकड्यातला ‘याओ’ पहिल्या सुरात, तंबोऱ्याच्या तारेसारखा वरच धरून ठेवलेला. कान सरावलेला नसला की ‘याओ सान पा’ ऐकून समोरचा काहीतरी मागतो आहे असं वाटतं. बोलताना उलट चूक होते. आवाज खाली पडला की अंकाऐवजी ‘हवंय’ असं काहीतरी ऐकू जातं. समोरच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला, तर शब्द न बदलता सूर वर नेऊन तेच पुन्हा म्हणावं. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

हे सगळं वाचून वाटेल की सुटे अंक आले की ‘याओ’ येणारच. वर्षं तसं होऊ देत नाहीत. वर्षही सुट्या अंकांनीच वाचतात, संख्या म्हणून नाही. आपण ‘एकोणीसशे एकोणपन्नास’ म्हणतो, तिथे चिनी माणूस ‘ई च्यो स्स च्यो न्येन’ म्हणतो : एक, नऊ, चार, नऊ, वर्ष. पेइचिंग ऑलिंपिकचं २००८ हे ‘अर् लिङ लिङ पा न्येन’. घरगुती बोलण्यात शेवटचे दोनच अंक घेऊन ‘लिङ पा न्येन’ म्हणतात. खोलीसारखीच पद्धत, शून्यंही सगळी उच्चारलेली. पण एक मात्र इथे कायम ‘ई’. १९११ साली छिंग राजवटीविरुद्ध क्रांती झाली. ते वर्ष ‘ई च्यो ई ई’. इथे ‘याओ च्यो याओ याओ’ म्हटलं तर ते सालाऐवजी एखाद्या खोलीचा क्रमांक वाटेल.

माझ्या मते कारण साधं आहे. ‘याओ’ आला तो ऐकण्यातली चूक टाळायला आणि वर्षाच्या बाबतीत अशी चूक फारशी होतच नाही. कुठल्या शतकाबद्दल बोलणं चाललं आहे ते दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून ‘ई च्यो’ एवढं कानावर पडलं की पहिले दोन अंक ऐकण्याची गरजच संपते. शेवटी ‘न्येन’ हा शब्द येऊन हे वर्ष आहे असं सांगतो, तेव्हा इशाऱ्याचीही गरज नाही. शिवाय वर्ष हे लेखी, औपचारिक भाषेतून आलेलं आहे. छापील मजकुरात ते चिनी अंकांत लिहितात, तेव्हा शून्यासाठी नेहमीचं गुंतागुंतीचं अक्षर न लिहिता नुसतं गोल काढतात. चीनमध्ये प्रकाशनांतल्या आकड्यांसाठी २०११ चं राष्ट्रीय मानक आहे. त्यात मोजमापातल्या शून्याला एक अक्षर आणि क्रमांकातल्या शून्याला हे गोल, अशी वाटणी करून दिली आहे. वर्षाला गोल मिळतं. म्हणजे लेखी नियमाच्या दृष्टीनेही वर्ष हे नावच आहे. फासे आणि माजोंगच्या अड्ड्यावरून आलेल्या ‘याओ’ला मात्र तिथे जागा मिळाली नाही.

२००० हे साल मात्र या पद्धतीत थोडं पेचात टाकतं. ‘अर् लिङ लिङ लिङ न्येन’ हे बरोबर, पण लांब. म्हणून बरेच जण ‘ल्यांग-छ्येन न्येन’ म्हणतात आणि त्याचा अक्षरशः अर्थ ‘दोन हजार वर्षं’ असाही होतो. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट की २००० सालची गोष्ट, हे मग मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवायचं. अंक सुटे वाचण्याचा फायदा काय, हे इथे कळतं. ‘अर् लिङ लिङ पा न्येन’ म्हणजे २००८ वर्षांचा काळ असं कोणालाही वाटू शकत नाही.

महिने आणि तारखा तर निव्वळ मोजणीच्याच. जानेवारी म्हणजे ‘ई य्वे’, पहिला महिना. डिसेंबर ‘शर-अर् य्वे’. अकरा तारीख ‘शर-ई हाओ’. इथे ना सुटे अंक, ना ‘याओ’.

मौज आहे ती तारखांवरून पडलेल्या नावांत. चीनमध्ये मोठ्या घटना महिना आणि तारीख जोडून ओळखल्या जातात. १८ सप्टेंबर १९३१ रोजी शनयांगजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून जपानी सैन्याने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली. तो प्रसंग ‘च्यो ई पा’, नऊ-एक-आठ. १ ऑगस्ट हा चिनी सैन्याचा स्थापना दिन, १९२७ च्या नानछांगच्या उठावावरून. तो ‘पा ई’, आठ-एक. ज्या सैन्यात वायरलेसवर कोणी ‘ई’ म्हणत नाही, त्या सैन्याच्या दिवसाच्या नावात ‘ई’ आहे. ९ डिसेंबर १९३५ ची विद्यार्थ्यांची चळवळ ‘ई अर् च्यो’. पण १५ मार्चच्या ग्राहक हक्क दिनी, ज्या दिवशी १९९१ पासून चिनी सरकारी दूरचित्रवाणीवर फसव्या कंपन्यांचा पर्दाफाश करणारा कार्यक्रम होतो, त्याला मात्र ‘सान याओ वू’ म्हणतात. अमेरिकेतला ११ सप्टेंबरचा हल्ला ‘च्यो याओ याओ’. आणि ११ नोव्हेंबरचा प्रचंड खरेदीचा दिवस ‘श्वांग शर-ई’, म्हणजे जोड-अकरा. या नावांमधून एकच काटेकोर नियम काढू पाहणारा निराश होईल. मला त्यात एवढंच दिसतं की जुन्या, इतिहासाच्या पुस्तकात गेलेल्या नावांनी ‘ई’ जपला आहे आणि फोन नंबरांच्या काळात रुळलेल्या नावांत ‘याओ’ शिरला आहे. नावं असल्यामुळे ती एकेक करून पाठच करायची.

अंकांच्या उच्चारांवरून शब्द सुचवायचा खेळ चिनी लोकांना फार आवडतो आणि तिथे एकाचे दोन्ही उच्चार कामाला येतात. ५१८ हे ‘वू याओ पा’ असं वाचलं की ‘मला श्रीमंत व्हायचंय’ या अर्थाच्या ‘वो याओ फा’सारखं वाजतं, म्हणून दुकानदारांना ते प्रिय. याउलट १६८ मध्ये ‘ई’च हवा, कारण ‘ई ल्यो पा’ हे ‘ई लू फा’, म्हणजे वाटभर भरभराट, याच्या जवळ जातं. इथे ‘याओ’ म्हटलं की शुभशकुनच बिघडतो.

वायरलेसवर तर एकट्या ‘याओ’ने भागत नाही. सहा आणि नऊ, ‘ल्यो’ आणि ‘च्यो’, यांचाही शेवट एकच आहे. शून्य आणि सहा दोन्ही ‘ल’ने सुरू होतात. ‘अर्’ला तर सुरुवातीचं व्यंजनच नाही. म्हणून चिनी सैन्यात शून्याला ‘तुंग’, म्हणजे भोक, म्हणतात. एकाला ‘याओ’, दोनाला ‘ल्यांग’ हा दोनासाठीचाच मोजणीतला शब्द, साताला ‘क्वाय’, म्हणजे वळण किंवा कुबडी, आणि नवाला ‘को’, म्हणजे आकडी. ही नावं इंग्रजी अंकांच्या आकारांवरून पडली आहेत : गोल शून्य, वाकलेला सात आणि शेपटी वळलेला नऊ. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात आणि रेल्वेत यातले बरेचसे उच्चार वापरतात. इंग्रजीत बोलणारा वैमानिक ‘नाइन’ऐवजी ‘नाइनर’ म्हणतो आणि जर्मन माणूस फोनवर ‘त्स्वाय’ आणि ‘द्राय’ यांची गल्लत टाळायला दोनाला ‘त्स्वो’ म्हणतो, ते याच कारणाने. फरक इतकाच की ‘तुंग’, ‘क्वाय’, ‘को’ हे चीनमध्ये गणवेशातल्या माणसांपुरते राहिले आणि ‘याओ’ घराघरात गेला. सामान्य माणसाने फोन नंबरात सातला ‘क्वाय’ म्हटलं तर समोरचा विचारेल, तुम्ही सैन्यात होता का?

‘याओ’ची हद्दही लक्षात ठेवायला हवी. तो चीनच्या मुख्य भूमीवरच्या मँडरिनचा आहे. तैवानमध्ये तीच भाषा बोलतात, पण तिथे रोजच्या बोलण्यात एकाला सरळ ‘ई’च म्हणतात. तायपेइ शहरातली १०१ मजल्यांची इमारत ‘ई लिङ ई’ आहे आणि अग्निशमन दलाचा ११९ तिथे ‘ई ई च्यो’. ‘याओ’ तिथे ऐकू येतो तो मुख्यतः सैन्यात. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये एक आणि सात यांचे उच्चार एकमेकांशी यमक जुळणारेच आहेत, तरीही तिथे फोन नंबरात एकासाठी वेगळा शब्द घेतलेला नाही. म्हणजे आवाजांची गल्लत हे कारण खरं असलं, तरी तेवढ्याने शब्द बदलतोच असं नाही. तो रुळावाही लागतो आणि मुख्य भूमीवर तो रुळला.

मराठी वाचकांपैकी कोणाची मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये जातात, कोणी मालाच्या खरेदीसाठी यीवूच्या बाजारात जातात. त्यांनी सगळी भाषा शिकली नाही तरी चालेल, पण तीन क्रमांक चिनी उच्चारात पाठ करून विमानात बसावं : पोलीस ११०, याओ याओ लिङ. आग ११९, याओ याओ च्यो. रुग्णवाहिका १२०, याओ अर् लिङ. आणि चौथा आपल्या खोलीचा क्रमांक, पोहोचल्याच्या दिवशीच स्वागतकक्षातल्या माणसाकडून म्हणवून घेतलेला.